एकच यंत्र, तीच आठ वर्षं: अंदाजातला बदल, धोरणातला बदल आणि चूक कशी ओळखायची, कशी मांडायची

लेखा विभागातल्या माझ्या पहिल्याच वार्षिक हिशेबात मी एका यंत्राचं आयुष्य दहा वर्षांवरून आठ वर्षं केलं आणि शेजारी शेरा लिहिला, 'अंदाज बदलला'. ऑडिटरनी शेरा वाचला आणि दोनच प्रश्न विचारले. "हे तुम्हाला कधी कळलं? आणि कधी कळायला हवं होतं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला दोन दिवस जुन्या फायली उपसल्या, आणि निघालं ते असं की तो अंदाजातला बदल नव्हताच. ती चूक होती. दोन्हींत यंत्र तेच, आठ वर्षंही तीच. पण ताळेबंदावर येणारे आकडे पूर्ण वेगळे.

हा लेख त्या दोन दिवसांतून आला आहे. नियम आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस ८ प्रमाणे दिले आहेत. उदाहरणांतले सगळे आकडे हजारांत समजा. चलन कुठलंही घ्या.

## १. आधी ही कागदपत्रं टेबलावर ठेवा

वर्गीकरण ठरवण्याआधी हे जमवा, कारण निर्णय आकड्यांवरून होत नाही, तारखांवरून होतो.

- मालमत्ता नोंदवही आणि घसाऱ्याचा तक्ता, खरेदीच्या दिवसापासूनचा
- यंत्र घेतलं तेव्हाचा तांत्रिक अहवाल किंवा पुरवठादाराचं पत्र, तारखेसह
- नवी माहिती ज्या कागदावर आली तो कागद, तोही तारखेसह
- गेल्या दोन वर्षांची सही झालेली वित्तीय पत्रकं, टिपांसकट
- गेल्या दोन वर्षांचे अंतिम ट्रायल बॅलन्स
- डिफर्ड टॅक्सची आकडेमोड

तारीख नसलेला कागद इथे जवळपास निरुपयोगी असतो. 'साधारण तेव्हाच आला असावा' हे ऑडिटर मान्य करत नाही, आणि करूही नये.

## २. वर्गीकरण: काय बदललं, हे एका वाक्यात लिहा

लेखा धोरण म्हणजे पत्रकं तयार करताना लावलेली तत्त्वं, पाया आणि पद्धत. साठ्याची किंमत फिफोने काढायची की भारित सरासरीने, हे धोरण. लेखा अंदाज म्हणजे मापन अनिश्चित असल्यामुळे अंदाजाने ठरवावी लागणारी रक्कम: या वर्षीचा घसारा, बुडीत येण्याची तरतूद, वॉरंटीची तरतूद. ही व्याख्या मानकात २०२१च्या दुरुस्तीने आली आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. त्याआधी 'अंदाजातला बदल' याची व्याख्या होती, पण खुद्द 'अंदाजा'ची नव्हती. त्यामुळे जुन्या टिपांमध्ये या सीमेवर गोंधळ दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

चूक म्हणजे तेव्हा उपलब्ध असलेली, किंवा वाजवी प्रयत्नांत मिळू शकली असती अशी विश्वासार्ह माहिती न वापरणं किंवा चुकीची वापरणं. बेरजेतली गफलत, नियम चुकीचा लावणं, वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष आणि लबाडी, हे सगळं त्यात येतं.

म्हणून एक वाक्य पुरं करून पाहा: "आधीचा आकडा ठरवला त्या दिवशी आजची माहिती ___." 'अस्तित्वातच नव्हती' लिहावं लागलं तर अंदाजातला बदल. 'फायलीत होती' लिहावं लागलं तर चूक. आणि हे वाक्य लागूच पडत नसेल, म्हणजे माहिती तीच असून मोजायची पद्धत आपण स्वतःहून बदलत असू, तर बहुधा धोरणातला बदल.

'बहुधा' म्हणायला कारण आहे. घसाऱ्याची सरळ रेषा पद्धत सोडून घटत्या शिलकेची पद्धत घेतली, तर नावात 'पद्धत' असूनही तो अंदाजातला बदल ठरतो. मालमत्तेचा उपयोग कसा होत जातो याबद्दलचं आपलं मत बदललं, असं मानक धरतं. आणि धोरण की अंदाज हे खरोखरच ठरत नसेल, तर अंदाजातला बदल धरायचा, असा स्पष्ट नियम आहे. ही सवलत त्या दोघांपुरतीच. चूक की अंदाज असा संशय असताना 'ठरत नाही, म्हणून अंदाज' असं म्हणता येत नाही. मी तेच केलं होतं.

## ३. अंदाजातला बदल: मागे वळून पाहायचं नाही

यंत्र १ जानेवारी २०२१ला १,२०० ला घेतलं. आयुष्य दहा वर्षं, शेवटी भंगारमूल्य शून्य, सरळ रेषा पद्धत. वर्षाला घसारा १२०. ३१ डिसेंबर २०२४ला चार वर्षांचा ४८० घसारा वजा होऊन पुस्तकी किंमत ७२०.

आता समजा २०२५च्या सुरुवातीला उत्पादनाची योजना बदलली, यंत्र दोन पाळ्यांत चालायला लागलं आणि अभियंत्यांनी लेखी कळवलं की ते आता आणखी चारच वर्षं चालेल. एकूण आठ वर्षं.

इथे जुन्या आकड्याला हात लावायचा नाही. उरलेली पुस्तकी किंमत उरलेल्या आयुष्यावर वाटायची: ७२० भागिले ४, म्हणजे वर्षाला १८०. २०२५च्या नफा-तोटा पत्रकात १८० घसारा येईल. शेजारच्या २०२४च्या रकान्यात १२० तसाच राहील. तेव्हा जे माहीत होतं त्यानुसार तो बरोबरच होता.

टिपेत बदलाचं स्वरूप आणि रकमेचा परिणाम द्यायचा, चालू वर्षाचा आणि पुढच्या वर्षांचाही. आपल्या यंत्रासाठी ती टीप अशी होईल: "२०२५ मध्ये यंत्राचं उर्वरित उपयुक्त आयुष्य सहा वर्षांवरून चार वर्षं करण्यात आलं. त्यामुळे २०२५ ते २०२८ या प्रत्येक वर्षी घसारा ६० ने वाढेल, आणि २०२९ व २०३० या प्रत्येक वर्षी १२० ने कमी होईल." चार साठे २४०, दोन एकशेवीस २४०. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी आकडा चुकला आहे. पुढचा परिणाम काढणं व्यवहार्य नसेल तर तसं टिपेत लिहायचं. गप्प बसायचं नाही.

सापळा: काही हिशेबी प्रणालींमध्ये मालमत्तेच्या पानावर आयुष्य १० चं ८ केलं की प्रणाली पहिल्या दिवसापासून पुन्हा घसारा काढते आणि मागचा सगळा फरक या वर्षाच्या खर्चात टाकते. आपल्या उदाहरणात चार वर्षांचा ३० प्रमाणे १२० फरक आणि या वर्षीचा १५०, मिळून २७० घसारा दिसेल. २०२५चा घसारा १८० ऐवजी २७० दिसला, तर हेच झालं आहे असं समजा. बदल 'यापुढे लागू' करण्याचा पर्याय शोधा.

## ४. चूक: तेच यंत्र, पण पत्र फायलीत होतं

माझ्या बाबतीत घडलं ते याच्या जवळचं. फाईल उघडली तर २०२१ मधलं, खरेदीच्या वेळचंच तांत्रिक पत्र सापडलं. त्यात आयुष्य आठ वर्षं लिहिलेलं होतं. तक्त्यात भरताना कुणीतरी दहा टाकलं होतं, बहुतेक आधीच्या यंत्राची ओळ खाली ओढून.

आता बरोबर घसारा पहिल्या वर्षापासून १,२०० भागिले ८, म्हणजे १५० हवा होता. दर वर्षी ३० कमी पडले. पत्रकांत चूक कधी झालीच नव्हती असं समजून मागचे आकडे पुन्हा मांडायचे, हाच नियम. तो तीन भागांत करा.

पहिला भाग, तुलनेच्या वर्षाआधीचा काळ. २०२१, २०२२ आणि २०२३, तीन वर्षांचे ९०. ही वर्षं आता पत्रकात दिसत नाहीत, म्हणून हा परिणाम १ जानेवारी २०२४च्या सुरुवातीच्या राखून ठेवलेल्या नफ्यातून वजा होतो. दुसरा भाग, तुलनेचं वर्ष. २०२४च्या रकान्यात घसारा १२० ऐवजी १५० दाखवायचा. तिसरा भाग, चालू वर्ष: २०२५चा घसारा १५०, १८० नव्हे.

कर विसरू नका. कराचा दर २० टक्के धरू आणि असं समजू की करासाठीचा घसारा कायद्याने वेगळा ठरतो, त्यामुळे भरलेला कर बदलत नाही, फक्त डिफर्ड टॅक्सचं दायित्व कमी होतं. मग ९० वर १८ कर, निव्वळ ७२. २०२४च्या ३० वर ६ कर, निव्वळ २४. भागभांडवलातील बदलांच्या पत्रकात राखून ठेवलेला नफा असा दिसेल (आधीची शिलक आणि नफा उदाहरणादाखल):

| राखून ठेवलेला नफा | रक्कम |
|---|---|
| १ जानेवारी २०२४, आधी नोंदवल्याप्रमाणे | २,००० |
| चुकीची दुरुस्ती, कर वजा जाता | (७२) |
| १ जानेवारी २०२४, पुनर्मांडित | १,९२८ |
| २०२४चा नफा, पुनर्मांडित (आधी ४००) | ३७६ |
| ३१ डिसेंबर २०२४, पुनर्मांडित | २,३०४ |

आधी ही शेवटची शिलक २,४०० होती. फरक ९६, म्हणजे ७२ अधिक २४. लाभांश वाटला नाही असं धरलं आहे.

खातेवहीत २०२१ ते २०२४ ही वर्षं बंद झालेली असतात. ती उघडायचा हट्ट धरू नका. २०२५च्या सुरुवातीच्या तारखेला एकच नोंद करा:

```
राखून ठेवलेला नफा      नावे   ९६
डिफर्ड टॅक्स दायित्व     नावे   २४
    एकत्रित घसारा         जमा   १२०
```

तुलनेच्या रकान्यातले बदल मात्र पत्रक तयार करण्याच्या पातळीवर, वेगळ्या कार्यपत्रकात होतात. खातेवही आणि छापलेला तुलनात्मक रकाना यांत त्यामुळे फरक राहतो. त्याचा मेळ लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं तर तो माणूस तुम्हाला दुवा देईल.

आता दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहा. २०२५ अखेर यंत्राची पुस्तकी किंमत अंदाजाच्या बाबतीत ५४०, चुकीच्या बाबतीत ४५०. २०२८ अखेर दोन्हीकडे शून्य. मधल्या वर्षांचा नफा कुठे पडला, एवढाच फरक. पण ज्याने त्या मधल्या वर्षांत भाग विकले किंवा कर्ज दिलं, त्याच्यासाठी तोच सगळा फरक.

## ५. मधली जागा: चूक नेमकी कधी सुरू झाली?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी मेख इथेच आहे.

समजा २०२१ला दहा वर्षं योग्यच होती. दुसरी पाळी २०२३च्या शेवटी सुरू झाली. अभियंत्यांचं टिपण डिसेंबर २०२३चं आहे: यंत्र २०२८ अखेरपर्यंतच चालेल. पण ते लेखा विभागात पोचलं २०२५ मध्ये. उपयुक्त आयुष्याचा निदान दर वर्षअखेरीला फेरविचार करायचा, असं आयएएस १६ सांगतं. म्हणजे ३१ डिसेंबर २०२३ला हे विचारायला हवं होतं आणि विचारलं असतं तर कळलं असतं. हा पूर्ण अंदाजातला बदलही नाही आणि २०२१ पासूनची चूकही नाही.

तेव्हा दोन्ही एकत्र लागतात. ३१ डिसेंबर २०२३ला पुस्तकी किंमत ८४०, ती बरोबर. तिथून अंदाज बदलायला हवा होता: ८४० भागिले उरलेली ५ वर्षं, म्हणजे १६८. २०२४ मध्ये प्रत्यक्षात १२० लावला, म्हणून चूक फक्त ४८ ची, फक्त २०२४ची. २०२४चा रकाना पुनर्मांडित होईल आणि २०२५चा घसारा १६८. १ जानेवारी २०२४च्या शिलकेला काहीच होत नाही.

म्हणजे आठ वर्षं तीच असून २०२५चा घसारा तीन प्रकारे निघतो: १८०, १५० किंवा १६८. कुठला, ते फक्त कागदावरच्या तारखेवरून ठरतं.

## ६. तिसरा ताळेबंद लागतो का, ते तपासा

पुनर्मांडणीमुळे तुलनेच्या वर्षाच्या सुरुवातीच्या ताळेबंदावर लक्षणीय परिणाम होत असेल, तर तो ताळेबंदही तिसरा रकाना म्हणून द्यावा लागतो: ३१ डिसेंबर २०२५, ३१ डिसेंबर २०२४ आणि १ जानेवारी २०२४. पायरी ४ मध्ये तो लागेल, ९० ही रक्कम लक्षणीय असेल तर. पायरी ५ मध्ये लागणार नाही, कारण त्या तारखेला काही बदललंच नाही. अंदाजातल्या बदलात तो कधीच लागत नाही. तिसऱ्या रकान्याला धरून इतर सगळ्या टिपा पुन्हा देण्याची गरज नसते. फक्त काय आणि का बदललं ही टीप हवीच.

पुनर्मांडित रकान्यांच्या डोक्यावर 'पुनर्मांडित' असं लिहा. चुकीच्या टिपेत चुकीचं स्वरूप, दाखवलेल्या प्रत्येक मागच्या वर्षासाठी ओळीगणिक दुरुस्तीची रक्कम, लागू असेल तिथे प्रतिभाग उत्पन्नावरचा परिणाम आणि सगळ्यांत जुन्या वर्षाच्या सुरुवातीची दुरुस्ती द्या. एकदा दिली की पुढच्या वर्षी ती टीप पुन्हा छापायची गरज नाही. शब्द मवाळ करण्याचा मोह होतो. 'आकड्यांचं सुसूत्रीकरण' असं काहीतरी लिहिलेलं मी पाहिलं आहे. चूक असेल तर 'चूक' लिहा.

## ७. धोरणातला बदल: मागे जायचं, पण कारण सांगून

धोरण दोनच वेळी बदलता येतं: मानकाने सांगितलं म्हणून, किंवा नव्या धोरणाने माहिती विश्वासार्ह राहून अधिक उपयुक्त होते म्हणून. नव्या मानकात संक्रमणाचे स्वतःचे नियम असतील तर ते आधी लागू होतात. स्वेच्छेने केलेला बदल मात्र पूर्वलक्षी, म्हणजे जणू नवं धोरण पहिल्यापासूनच होतं.

साठा फिफोवरून भारित सरासरीवर नेला, असं धरू. २०२३ अखेर साठा फिफोने ५००, सरासरीने ४८०. २०२४ अखेर फिफोने ५६०, सरासरीने ५३०. नवखा माणूस २०२४चा नफा ३० ने कमी करतो, कारण शेवटचा साठा ३० ने घटला. पण सुरुवातीचा साठाही २० ने घटला आहे, म्हणजे विक्री-खर्चात तेवढं कमी गेलं. कर बाजूला ठेवला तर नफ्यावरचा परिणाम १०. उरलेले २० आधीच्या वर्षांचे. ते १ जानेवारी २०२४च्या राखून ठेवलेल्या नफ्यातून जातात.

मांडणी चुकीसारखीच दिसते: पुनर्मांडित रकाना, बदललेली सुरुवातीची शिलक, गरज असेल तर तिसरा ताळेबंद. टिपेत दोन गोष्टी जास्तीच्या येतात: नवं धोरण अधिक उपयुक्त का, याचं कारण, आणि चालू वर्षावरचाही परिणाम. म्हणजे बदलाच्या वर्षी फिफोने काय आलं असतं तेही काढावं लागतं. जुनी पद्धत बंद करण्याआधी वर्षअखेरचा साठा दोन्ही पद्धतींनी काढून घ्या, नंतर तो मिळत नाही.

दोन अपवाद लक्षात ठेवा. यंत्र मूळ किमतीऐवजी पुनर्मूल्यांकनाने दाखवायला पहिल्यांदा सुरुवात केली, तर तो धोरणातला बदल असूनही मागे जावं लागत नाही. ते पुनर्मूल्यांकन म्हणूनच नोंदवलं जातं. आणि पूर्वी कधी न घडलेल्या व्यवहारासाठी नवं धोरण घेतलं, तर तो बदलच नाही.

## ८. जिथे पाय घसरतो

निकाल आला म्हणजे चूक झाली, असं नाही. दाव्यासाठी १०० ची तरतूद केली आणि १४० द्यावे लागले. तेव्हाची माहिती नीट वापरून १०० काढले असतील, तर जादा ४० या वर्षाच्या खर्चात. पश्चात्बुद्धीने मागचे आकडे सुधारायला मानकाची बंदी आहे. पुनर्मांडणी करतानाही त्या तारखेला जे कळू शकत होतं तेवढंच वापरायचं.

'रक्कम छोटी आहे'. वर्षाला ३० कदाचित कुठल्याच वर्षी लक्षणीय नसतील. पण चार वर्षांचे १२० एकदम या वर्षाच्या खर्चात टाकले, तर ते या वर्षासाठी लक्षणीय ठरू शकतात. दोन्ही बाजूंनी तपासा: प्रत्येक वर्षाची चूक, आणि साचलेली चूक. ठरावीक चित्र दाखवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली चूक छोटी असली तरी चालत नाही.

'व्यवहार्य नाही'. मागचा परिणाम काढणं अव्यवहार्य असेल तर जिथून शक्य आहे तिथून दुरुस्ती करता येते. पण अव्यवहार्य म्हणजे सर्व वाजवी प्रयत्न करूनही अशक्य. कंटाळवाणं किंवा खर्चिक हा त्याचा अर्थ नव्हे. काय प्रयत्न केले आणि दुरुस्ती कुठून केली, हे टिपेत लिहावं लागतं.

एकाच टिपेत सगळं. एकाच वर्षी आयुष्य बदललं, साठ्याचं धोरण बदललं आणि जुनी चूकही सापडली, तर तिन्हींची एकत्र निव्वळ रक्कम देऊ नका. तीन टिपा, तीन रकमा. माझ्या त्या पहिल्या वर्षी हे तिन्ही एका ओळीत बेरीज करून बसवले होते, आणि ऑडिटरनी पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत केला होता.